फुटून आलेल्या काचेच्या शेगडीबाबत तक्रार

प्रति,
विक्रेता, ग्राहक सेवा विभाग

विषय : ऑर्डर क्र. ४७१८२०६, तीन बर्नरची काचेची शेगडी फुटलेली मिळाली. पूर्ण शेगडी बदलून मिळणेबाबत.

महोदय,

वरील ऑर्डरचे पार्सल १२ तारखेला मिळाले. शेगडीची काच फुटली आहे आणि गॅसची नळी जोडायचा मागचा नोझल वाकला आहे. सोबत सहा फोटो जोडले आहेत.

फोटो १ पार्सल उघडण्यापूर्वीचा आहे. खोक्याचा मागचा उजवा खालचा कोपरा सुमारे चार सेंटीमीटर आत चेपलेला दिसतो, टेप मात्र अखंड आहे. पत्त्याचे लेबल 'नाजूक' या स्टिकरवरच चिकटवले आहे. त्यातले शेवटचे 'क' तेवढे बाहेर डोकावते. पावतीवर सही करतानाच 'खोका चेपलेला' असा शेरा लिहिला, तो फोटो २ मध्ये आहे.

फोटो ३ जरा मोठा करून पाहावा. खोका तीन प्लायचा आहे, कापलेल्या कडेला नागमोडी कागदाचा एकच थर दिसतो. थर्माकोल फक्त डाव्या-उजव्या बाजूंना आहे. मागे आणि पुढे काहीच नाही, त्यामुळे मागून बसलेला धक्का थेट शेगडीवर आला. टफन्ड काच मधोमध बराच भार सोसते, पण कडेला किंवा कोपऱ्याला टोकदार मार बसला की सगळी एकदम फुटते. फोटो ४ मध्ये त्याच मागच्या उजव्या कोपऱ्यापासून तडे पंख्यासारखे पसरलेले दिसतात. खालच्या फिल्ममुळे तुकडे जागेवर राहिले आहेत इतकेच. ओतीव जाळ्याही मध्ये पुठ्ठा न घालता काचेवर सुट्या ठेवल्या होत्या (फोटो ५).

'फक्त काच बदलून देतो' हा तोडगा मला मान्य नाही. फोटो ६ मध्ये नोझलशेजारी पट्टी धरली आहे; नोझल सरळ नाही आणि त्याच्या बुडाशी पत्रा दुमडला आहे. वाकलेला नोझल ठोकून सरळ केला तर सांध्यातून गॅस गळण्याची भीती राहते. अशी शेगडी जोडणे धोक्याचे आहे.

म्हणून कारखान्यात तपासलेली नवीन शेगडी पाच प्लायच्या खोक्यात, चारही बाजूंना थर्माकोल घालून पाठवावी. हे सात दिवसांत जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. जुनी शेगडी, जाळ्या आणि बर्नर मूळ खोक्यातच ठेवले आहेत. ते नेण्याची व्यवस्था तुमच्या खर्चाने करावी. नेणाऱ्याला हातमोजे घालायला सांगावे, फिल्म उचलताना काचेचे दाणे गळतात. कुरिअर कंपनीकडून भरपाई घ्यायची की नाही हा तुमचा आणि त्यांचा व्यवहार आहे, त्यासाठी माझी ऑर्डर अडवून ठेवू नये.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओही माझ्याकडे आहे, हवा असल्यास पाठवतो.

कळावे,
ग्राहक, ऑर्डर क्र. ४७१८२०६