इंदोऱ्याच्या अभ्यासिकेत बोलणारे शिक्षक

सध्या फिरत असलेल्या एका चित्रफितीत नागपुरातील इंदोरा भागातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलणारे गृहस्थ निवृत्त गणित शिक्षक आहेत. हीच चित्रफीत एका प्रसिद्ध सनदी अधिकाऱ्याच्या नावाने फिरत असली, तरी ते अधिकारी यात कुठेही नाहीत. शिक्षकांच्या इच्छेवरून त्यांचे नाव दिलेले नाही. सुटलेले गणित शेजाऱ्याला समजावून सांगावे, हा त्यांनी भाषणात मांडलेला मुद्दा त्यांचा स्वतःचा आहे, आणि तो आम्हाला शेवटच्या घोषणेपेक्षाही मोलाचा वाटला. शेवटी त्यांनी उद्धृत केलेले ‘शिका, चेतवा, संघटित व्हा’ हे शब्द मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी भाषणाचा अनुवाद असून ते भाषण जुलै १९४२ मध्ये नागपुरातच भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतले आहे, १९५६ च्या दीक्षाभूमीवरचे नव्हे.