प्रकल्प पत्रिका: लहान वाफ्यांत ठिबक आणि मोकाट पाण्याची तुलना

कृषी पदविका, बागायती पिकांचे प्रात्यक्षिक
पीक: भेंडी. वाफे: १२. गट: चार, प्रत्येक गटाकडे तीन वाफे.

प्रश्न काय आहे

‘ठिबक चांगले की मोकाट पाणी?’ हा प्रश्न या प्रकल्पाचा नाही. त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात आहे आणि ते तुम्हाला पाठही आहे. आपले प्रश्न दोन आहेत. एक, दोन्ही पद्धतींनी हंगामभर तेवढेच पाणी दिले तर उत्पादनात फरक पडतो का? दोन, ठिबकाचे पाणी तीस टक्क्यांनी कमी केले तर भेंडी मोकाट पाण्याच्या बरोबरीला राहते का? पहिला प्रश्न पद्धतीचा आहे, दुसरा बचतीचा. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की अहवाल वाचायला छान होतो, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून तीन प्रक्रिया:
- म: मोकाट पाणी, सपाट वाफ्यात
- ठ-१००: ठिबक, पिकाच्या गरजेइतके पूर्ण पाणी
- ठ-७०: ठिबक, त्याच्या ७० टक्के

मांडणी

प्रत्येक वाफा ३ मीटर × २ मीटर, म्हणजे ६ चौरस मीटर. दोन ओळींत ६० सेंमी आणि दोन रोपांत ३० सेंमी अंतर ठेवले की तीन ओळींत ३० झाडे बसतात. दोन वाफ्यांमध्ये किमान १ मीटर मोकळी पट्टी सोडा, नाहीतर मोकाट वाफ्यातला ओलावा झिरपून शेजारच्या ठिबकाच्या मुळांशी जाईल.

आपल्या तुकड्याला थोडा उतार आहे आणि एका कडेला दुपारनंतर झाडांची सावली येते. त्यामुळे उतारावर आडवे चार पट्टे पाडले आहेत आणि प्रत्येक पट्ट्यात तिन्ही प्रक्रिया आहेत. कोणत्या वाफ्यात कोणती, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ‘मोकाट वाफा पाटाजवळ बरा पडेल’ असे म्हणून जागा बदलू नका.

बियाणे, शेणखत आणि खताची मात्रा सगळीकडे सारखी. विद्राव्य खत ठिबकातून सोडायचे नाही. सोडले तर आपण पाणी आणि खत एकदमच बदलू आणि फरक कशाचा, ते कळणार नाही. आच्छादनही कुठल्याच वाफ्यात नाही. उगवण होऊन रोपे चार पानांची होईपर्यंत सगळ्या वाफ्यांना झारीने मोजून सारखेच पाणी द्या, प्रक्रिया त्यानंतर सुरू होतील.

पाणी किती आणि कसे मोजायचे

खरा प्रकल्प हा आहे. मागच्या तुकड्यांच्या वह्यांत ‘अर्धा तास ठिबक चालवले’ अशा नोंदी भरपूर सापडतात. अर्ध्या तासात किती लिटर पडले, ते मात्र कुठेच नसते.

रोजची गरज अशी काढा: बाष्पीभवन पात्राचे वाचन × ०.७ × पिकाच्या अवस्थेचा गुणांक. पात्र ७ मिमी दाखवते आणि गुणांक १ आहे, तर गरज ४.९ मिमी. एक चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर, म्हणून एका वाफ्याला २९.४ लिटर. पाऊस पडला तर पर्जन्यमापकाचे वाचन त्यातून वजा करा.

ठिबक: ड्रिपरवर ‘ताशी २ लिटर’ लिहिलेले आहे. ते साधारण १० मीटर उंचीच्या दाबाला खरे. आपली टाकी १.५ मीटर उंचीवर आहे. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे इथे ताशी सुमारे ०.७७ लिटरच मिळेल. ३० ड्रिपरचे मिळून ताशी २३ लिटर, आणि २९.४ लिटर द्यायला सुमारे ७६ मिनिटे लागतील. ठ-७० ची चावी ५३ मिनिटांनी बंद. हे गणितही कागदावरचेच, तेव्हा आधी १६ ड्रिपरखाली पेले ठेवून १५ मिनिटे पाणी गोळा करा आणि मोजपात्राने मोजा. सर्वांत कमी भरलेल्या चार पेल्यांची सरासरी भागिले सोळांची सरासरी, गुणिले १००. उत्तर ९० च्या वर आले तर उत्तम. ८० च्या खाली आले तर फिल्टरची जाळी धुवा, लॅटरलची टोके उघडून गाळ काढा आणि पुन्हा मोजा. टाकीतली पातळी उतरली की प्रवाहही उतरतो, म्हणून टाकी भरती ठेवा.

मोकाट: रोजच्या गरजेची बेरीज ४० मिमी झाली की त्या दिवशी २४० लिटर एकदम. नळीखाली २० लिटरची बादली धरून स्टॉपवॉच लावा. २५ सेकंदांत भरली तर सेकंदाला ०.८ लिटर, म्हणजे पाच मिनिटांत वाफा भरला. बांध फुटला तर वाया गेलेले पाणीही नोंदवायचे.

नोंदी

वहीत दिनांक, पात्राचे वाचन, पाऊस, प्रत्येक वाफ्याला दिलेले लिटर, चावी उघडल्या-मिटल्याची वेळ आणि नोंद करणाऱ्याची सही. पेन्सिल नको. खाडाखोड झाली तर एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

मातीचा ओलावा आठवड्यातून एकदा, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी थरांतून. ओल्या मातीचे वजन घ्या, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवा, फरकाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणा. नमुना नेहमी पाण्याच्या आधी आणि झाडापासून ठरावीक अंतरावरच घ्या.

एकदा तरी हे प्रत्यक्ष बघा: ठिबक बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी ओळीच्या कडेच्या एका ड्रिपरखाली खुरप्याने उभा छेद घ्या. ओला भाग कांद्याच्या आकाराचा दिसेल. त्याची रुंदी आणि खोली पट्टीने मोजा. भारी मातीत तो पसरट असतो, हलक्या मातीत अरुंद आणि खोल. शेजारच्या दोन ड्रिपरचे ओलावे एकमेकांना भिडले आहेत का, तेही लिहा. मोकाट वाफ्यात त्याच सुमाराला माती मुठीत दाबून पाहा. ती चिकट लागते आणि वाफसा यायला वेळ लागतो. तोवर मुळांना हवा कमी मिळते. ठिबकाखाली वाफसा जवळजवळ रोजच असतो. समान पाण्यातही उत्पादनात फरक पडला तर कारण इथे शोधा.

तणांसाठी ५० × ५० सेंमी चौकट दोन ओळींच्या मध्ये ठेवून तणे मोजा. खुरपणीला लागलेली मिनिटेही लिहा.

तोडणी एक दिवसाआड. फळे राहिली तर जून होतात आणि वजन फसवे वाढते. वजन फक्त मधल्या ओळीतल्या, दोन्ही टोकांची झाडे सोडून उरलेल्या आठ झाडांचे घ्या. बाकीची झाडे कडेची, त्यांना ऊन-वारा वेगळा लागतो.

हिशेब आणि अर्थ

पाणी वापर कार्यक्षमता = उत्पादन किलोत ÷ पाणी घनमीटरमध्ये. नमुना म्हणून: आठ झाडांवरून काढलेले वाफ्याचे उत्पादन ६ किलो, दिलेले पाणी १,६०० लिटर, तर ३.७५ किलो प्रति घनमीटर. चार पट्टे व तीन प्रक्रियांचे प्रचरण विश्लेषण करा, त्रुटीच्या स्वातंत्र्य मात्रा ६ येतील. एवढ्या कमी मात्रांत लहान फरक सिद्ध होत नाहीत, हे अहवालात स्पष्ट लिहा.

आता एक इशारा. तुमचा फरक पुस्तकातल्यापेक्षा कमी निघेल, असा माझा अंदाज आहे. लांब शेतात पाणी शेवटपर्यंत पोहोचेतो पहिल्या भागात ते मुळांच्या खाली निघून जाते. पाटातही मुरते. तीन मीटरच्या वाफ्यात पाणी लगेच टोकाला पोहोचते आणि तुम्ही ते मोजून सोडता. म्हणजे तुमच्या हातचे मोकाट पाणी मुळातच काटकसरीचे आहे. निकाल तसा आला तर तसाच लिहा आणि त्याला गुणून एकराचा आकडा काढू नका. ‘ठिबकाने ५० टक्के बचत’ असे वाक्य तुमच्या वहीतून येत नसेल, तर ते अहवालातही नको.

अहवालासोबत मूळ वही जमा करायची. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यातल्याच एखाद्या दिवसाच्या लिटरवर असेल.