उत्पादक-ग्राहक व्यवस्थेचे अंकित स्थान-संक्रमण जाळे : आकृती आणि पायरीपायरीने चालन

कार्ल अ‍ॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधाने ज्या जाळ्यांचा पाया घातला, त्याच प्रकारचे हे एक लहान जाळे आहे. आकृतीत `P` म्हणजे स्थान, `T` म्हणजे संक्रमण आणि तारका म्हणजे टोकन. बफरची क्षमता दोन वस्तूंची धरली आहे.

```
+--> P1(*) --> T1 --> P2( ) --+
|                             v
+---------------------------- T2
                             |  ^
                             v  |
                         P3( )  P4(**)
                             |  ^
                             v  |
+---------------------------- T3
v                             ^
P6( ) --> T4 --> P5(*) -------+
```

`P1` मध्ये टोकन असेल तर उत्पादक नवी वस्तू बनवायला मोकळा असतो, `P2` मध्ये असेल तर बनलेली वस्तू त्याच्या हाती असते. `P3` बफरमधील वस्तू मोजते आणि `P4` रिकाम्या जागा; `P5` मध्ये ग्राहक वस्तू उचलायला तयार असतो, तर `P6` मध्ये ती वापरत असतो. `T1` ते `T4` ही अनुक्रमे बनवणे, ठेवणे, उचलणे आणि वापरून संपवणे ही कामे होत.

ज्या स्थानाकडून संक्रमणाकडे बाण येतो ते त्याचे आदान-स्थान, आणि संक्रमणाकडून ज्या स्थानाकडे बाण जातो ते प्रदान-स्थान. ज्या संक्रमणाच्या प्रत्येक आदान-स्थानात किमान एक टोकन आहे तेच समर्थ असते. ते घडले की प्रत्येक आदान-स्थानातून एक टोकन जाते आणि प्रत्येक प्रदान-स्थानात एक टोकन येते. कोणत्या स्थानात किती टोकन आहेत ते सांगणारे अंकन `P1` ते `P6` या क्रमाने लिहिले आहे.

```
M0       1 0 0 2 1 0
M1  T1   0 1 0 2 1 0
M2  T2   1 0 1 1 1 0
M3  T1   0 1 1 1 1 0
M4  T2   1 0 2 0 1 0
M5  T1   0 1 2 0 1 0
M6  T3   0 1 1 1 0 1
M7  T4   0 1 1 1 1 0
```

`M0` मध्ये केवळ `T1` समर्थ आहे, त्यामुळे सुरुवातीला निवडीला वावच नाही. `M2` पाशी मात्र `T1` आणि `T3` दोन्ही समर्थ होतात आणि त्यांची आदान-स्थाने वेगळी असल्यामुळे एक घडल्याने दुसरे असमर्थ होत नाही. आपण येथे `T1` घेतले, ते बफर भरलेला पाहता यावा म्हणून, जाळ्याची तशी सक्ती नाही.

`M5` ही या चालनातील सर्वांत बोलकी अवस्था आहे. उत्पादकाच्या हाती वस्तू आहे, पण `P4` रिकामे असल्याने `T2` घडू शकत नाही आणि एकटे `T3` समर्थ उरते. उत्पादकाला थांबवण्यासाठी वेगळा नियम लिहावा लागलेला नाही: `P4` कडून `T2` कडे येणारा एक बाण ते काम करतो. तो बाण आणि त्याच्यासह `T3` पासून `P4` कडे जाणारा बाण खोडून पाहावा. मग `P3` मधील टोकनांना मर्यादाच राहत नाही.

`M6` मध्ये `T3` ने एक जागा मोकळी करताच `T2` पुन्हा समर्थ होते, पण आपण आधी `T4` घडवले. त्यातून मिळालेले `M7` हे आकड्यांनी `M3` च आहे, म्हणजे `T2 T1 T3 T4` हा फेरा कितीही वेळा चालवता येतो.

तक्त्यातील कोणतीही ओळ घेतली तरी `P1+P2=1`, `P3+P4=2` आणि `P5+P6=1` हीच बेरीज मिळते. त्यामुळे गाठता येणारी अंकने जास्तीत जास्त २ × ३ × २ म्हणजे १२ असू शकतात, आणि पडताळले असता ती सर्वच्या सर्व गाठता येतात. यांपैकी एकाही अंकनात जाळे अडून बसत नाही: उत्पादक भरलेल्या बफरपाशी ताटकळत असतो तेव्हा `T3` किंवा `T4` समर्थ असते, आणि ग्राहक रिकाम्या बफरपाशी थांबलेला असतो तेव्हा `T1` किंवा `T2`.