कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाइन दुकानासाठी मराठी मजकूर: प्रस्ताव आणि नमुने

नमस्कार दादा,

मी मेधा, बेळगावहून लिहिते आहे. तुमचे बॉक्स जिथे छापले जातात, त्या खडेबाजारातल्या काकांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही निपाणीच्या दुकानाचा माल आता वेबसाइटवरून विकणार आहात आणि मराठीत मजकूर लिहिणारं कुणी हवं आहे, असं ते म्हणाले. ते काम मला करायचं आहे. का आणि कसं ते खाली लिहिते. नमुनेही तुमच्याच मालाचे जोडले आहेत, म्हणजे तुम्हाला अंदाजावर ठरवावं लागणार नाही.

तुमच्या इन्स्टाग्रामवरचे फोटो आणि त्याखालच्या कमेंट सगळ्या वाचल्या. फोटो उत्तम आहेत. पण त्याखाली ‘अस्सल लेदर, आरामदायी, स्टायलिश’ एवढंच आहे, आणि हे तीन शब्द कुठल्याही चपलेखाली चालतात. गिऱ्हाईक विचारतंय ते वेगळंच. पुण्याच्या एका बाईंनी विचारलंय, ‘दुकान कर्नाटकात, मग ही खरी कोल्हापुरी कशी?’ दुसऱ्या एकाने विचारलंय, ‘चावते का?’ तिसऱ्याला साइज कळत नाही. या तिन्ही प्रश्नांना कुणी उत्तर दिलेलं दिसत नाही. माझ्या मते तुमच्या वेबसाइटने पहिलं काम हेच करायला हवं.

पहिला प्रश्न तर तुमच्या बाजूचा आहे, आणि तो सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणी किंवा निपाणी भागात परंपरागत पद्धतीने हाताने केलेली चपल ही ‘कोल्हापुरीसारखी’ नाही, कोल्हापुरीच आहे. आपल्याकडे सीमेचा विषय निघाला की आवाज चढतात. या एका कागदावर मात्र दोन्ही राज्यांचे कारागीर शेजारी शेजारी आहेत. ही गोष्ट तुम्ही दबक्या आवाजात का सांगायची? पहिल्याच पानावर सांगू.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागेल. जिल्हा यादीत आहे म्हणून जीआयचा लोगो कुणालाही छापता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते. तुमची किंवा तुमच्या कारागिरांची ती झाली असेल तर नंबरासकट टाकू. नसेल तर लोगो न लावता जिल्ह्याची माहिती तेवढी देऊ, आणि तुम्ही अर्जाच्या मागे लागा.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने अशाच चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापुरीचं नावही घेतलं नाही, तेव्हापासून शहरातली तरुण मंडळी ‘ही कुठे बनते, कोण बनवतं’ असं आवर्जून विचारू लागली आहेत. आपल्या मजकुरात प्राडाचं नाव नको. मोठ्याच्या नावावर आपला माल कशाला मोठा करायचा? पण ‘कोण बनवतं’ याचं उत्तर द्यायची हीच वेळ आहे. म्हणून माझी एक मागणी आहे: प्रत्येक जोडाच्या पानावर तो करणाऱ्याचं नाव आणि गाव असावं, अर्थात त्यांची परवानगी घेऊन. वेणी घालणाऱ्या बायकांचंसुद्धा. चपलेवर नजर आधी वेणीवर जाते आणि नाव मात्र घरातल्या पुरुषाचं लागतं, हे मला बरोबर वाटत नाही. त्यांच्याशी बोलायला मी स्वतः येईन. कन्नड मला बोलता-वाचता येतं, तेव्हा अथणीकडच्या घरांमध्ये अडचण येणार नाही.

आता नमुने. पहिले चार तुमच्यासाठी नव्याने लिहिले आहेत.

नमुना 1: वेबसाइटचं पहिलं पान

*बेळगाव जिल्ह्यातली कोल्हापुरी*

आमचं दुकान निपाणीत आहे. चपला होतात निपाणी आणि अथणी भागातल्या घरांमध्ये, अंगणात आणि ओसरीवर, हाताने. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. त्याला काही आठवडे जातात, आणि चपलेचा तो मधासारखा रंग तिथूनच येतो. तळ शिवायला खिळा नाही, कातड्याचीच वादी.

कोल्हापुरी चपलेचं जीआय महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचं आहे. बेळगाव त्यातला एक. तुम्ही घेताय ती चपल कुणी केली, हे प्रत्येक जोडाखाली लिहिलं आहे.

नमुना 2: एका जोडाचं वर्णन

*वेणीपट्टा, महिलांसाठी*

पट्ट्यावरची वेणी कातड्याच्या बारीक पट्ट्यांची आहे. जवळून पाहिलंत तर डाव्या आणि उजव्या पायाच्या वेणीत किंचित फरक दिसेल. दोन्ही हाताने, एकामागून एक घातल्या आहेत. बाजूचे कान मऊ, अंगठ्याचा पट्टा थोडा घट्ट ठेवलेला, कारण वापरून तो सैल होतो. वरून रंग दिलेला नाही. उन्हातान्हात वापरून चपल गडद होत जाईल.

साडीवर, कुर्त्यावर, जीन्सवर चालते. पावसात चालत नाही.

माप: संध्याकाळी कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा आणि तो आकडा आम्हाला कळवा. बुटाचा नंबर इथे दर वेळी जुळतोच असं नाही.

नमुना 3: बॉक्समधली चिठ्ठी

नवी चपल सुरुवातीला कडक लागेल. पहिल्याच दिवशी लग्नाला घालून जाऊ नका. घरातल्या घरात रोज अर्धा-एक तास घाला. अंगठ्याचा पट्टा आणि बाजूचे कान जिथे पायाला लागतात तिथे आतून बोटभर खोबरेल तेल लावा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. काही दिवसांत ती तुमच्या पायाचा आकार घेईल.

भिजली तर उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, कातडं तडकतं. सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवा. पावसाळ्यात ठेवून देताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी येते. वर्तमानपत्रात किंवा सुती कापडात गुंडाळा.

टाका उसवला तर फेकू नका. फोटो पाठवा, शिवून देऊ.

नमुना 4: व्हॉट्सॲपवरचं उत्तर

*गिऱ्हाईक:* ही कोल्हापूरची आहे का?

*दुकान:* नमस्कार ताई. चपल कोल्हापुरी आहे, तयार अथणीत होते, बेळगाव जिल्ह्यात. कोल्हापुरी चपलेच्या जीआयमध्ये कोल्हापूरसोबत बेळगावही आहे. ज्यांनी केली त्यांचं नाव आणि कामाचा व्हिडिओ पाठवतो. पाहून मगच ठरवा.

नमुना 5: आधीचं काम

हा मजकूर बेळगावातल्या एका कुंदा बनवणाऱ्यांच्या डब्यासाठी लिहिला होता. त्यांच्या परवानगीने देते:

‘दूध आटत जातं तसतसा उलथनं चालवणारा हात जड होतो. इथे घाई केली तर कुंदा गुळगुळीत होतो. आम्हाला तो रवाळ हवा असतो, आणि साखर खरपूस झाल्याचा तांबूस रंग हवा असतो. वेगळा रंग घालत नाही. डबा उघडल्यावर लवकर संपवा. प्रवासात नेणार असाल तर घेतानाच सांगा, ताज्या घाण्याचा देऊ.’

नमुना 3 मधल्या ‘शिवून देऊ’ या वाक्याबद्दल एक विचारायचं आहे. ही सोय तुम्ही दुकानात देता असं काकांनी सांगितलं, म्हणून लिहिलं. कुरियरने आलेल्या जोडालाही देणार असाल तरच ते ठेवू, आणि येण्या-जाण्याचा खर्च कुणाचा हेही लिहू. जे करणार नाही ते छापायचं नाही. त्याच कारणाने ‘जन्मभर टिकते’, ‘शरीरातली उष्णता शोषते’, ‘हजारो वर्षांची परंपरा’ ही वाक्यं मी लिहिणार नाही, बाजारात ती कितीही चालत असली तरी. कडक लागेल, रंग बदलेल, दोन पायांत फरक असेल हे आधीच सांगितलं तर माल परत येण्याचं प्रमाण कमी होईल, असा माझा अंदाज आहे. परतीचं कुरियर तुमच्याच खिशातून जातं.

कामाचा हिशेब असा. पहिलं पान आणि ‘आमच्याविषयी’ मिळून 2,500 रुपये. जोडांची वर्णनं प्रत्येकी 350, सुरुवातीला बारा जोड धरले तर 4,200. बॉक्समधली चिठ्ठी 1,000. नेहमीच्या प्रश्नांची व्हॉट्सॲप उत्तरं 1,200. एकूण 8,900 रुपये. निम्मे काम सुरू करताना, निम्मे शेवटचा मजकूर हातात पडल्यावर, यूपीआयने चालेल. प्रत्येक मजकुरात दोनदा दुरुस्त्या यातच आल्या. कारागिरांना भेटायला येण्याचं एसटीचं भाडं तेवढं वेगळं. पैसे पूर्ण झाले की मजकूर तुमचा. फक्त नमुना म्हणून दुसऱ्यांना दाखवायची मुभा मला असावी.

बॉक्सवर कायद्याने लागणारी माहिती, म्हणजे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन, ही वेगळ्या चौकटीत ठेवावी लागेल. ती मी मांडून देईन, पण छापण्याआधी तुमच्या अकाउंटंटना दाखवा. कन्नड मजकूरही हवा असेल तर तो कन्नडमध्ये लिहिणाऱ्याकडूनच करून घ्या. मी दोन्हीकडची माहिती जुळते का ते पाहीन, त्याचे वेगळे पैसे नकोत.

वेळेचं म्हणाल तर पावसाळ्यात तुमची विक्री थंड असणार आणि कारागिरांनाही बोलायला सवड असेल. आत्ता सुरुवात केली तर गणपतीपूर्वी सगळा कच्चा मजकूर तुमच्याकडे येईल आणि घटस्थापनेला वेबसाइट सुरू करता येईल. दिवाळीच्या ऑर्डरी नवरात्रातच यायला लागतात, तेव्हा त्यापुढे ढकलू नये.

पटलं तर मला तीन गोष्टी पाठवा: बारा जोडांचे फोटो आणि भाव, कोणता जोड कोण करतं याची यादी, आणि माल बदलून देण्याचे तुमचे नियम. दर जास्त वाटत असेल तर आधी फक्त चिठ्ठी आणि चार जोडांची वर्णनं करून घ्या, 2,400 रुपये होतील. बाकीचं ते पाहून ठरवा. फोनवर बोलायचं असेल तर रोज संध्याकाळी पाचनंतर मी मोकळी असते.

आपली,
मेधा
टिळकवाडी, बेळगाव