विषय: पाइप वेल्डरची ऑफर, करारातल्या अटी आणि परतीचं तिकीट

नमस्कार मॅडम,

मंगळवारी फोनवर बोलणं झालं, त्यानंतर तुम्ही पाठवलेलं ऑफर लेटर दोनदा वाचलं. एकदा मोबाइलवर आणि एकदा प्रिंट काढून, हातात पेन घेऊन. काम माझ्या हातचं आहे आणि अबू धाबीला यायची तयारीही आहे, तेव्हा हे पत्र नकाराचं समजू नका. मात्र शुक्रवारपर्यंत सही करून पाठवणं जमणार नाही. खाली लिहिलंय त्याची उत्तरं आधी मेलवर हवीत. फोनवर तुम्ही सगळ्याला "हो, हो, होऊन जाईल" म्हणालात, पण ते "होऊन जाईल" उद्या कॅम्पमध्ये कुणाला दाखवणार?

टेस्टचं आधी उरकतो. 6G पोझिशन, टिग रूट आणि वर 7018 ची आर्क, हे मी गेली अकरा वर्षं करतोय. कार्बन स्टीलबरोबर स्टेनलेसही केलंय, परजिंग लावून. तुम्ही 6 इंची पाइपवर टेस्ट म्हणालात. एएसएमई सेक्शन नाइनप्रमाणे त्या कूपनवर 2⅞ इंच बाहेरच्या व्यासाच्या खालचं काम पास धरत नाहीत. तुमच्या यादीत तर 2 इंची लाइनीही दिसतात. म्हणजे लहान पाइपची आणखी एक टेस्ट होणार. ती इथे की तिथे गेल्यावर? हे विचारायचं कारण वेगळं आहे. माझी जुनी सर्टिफिकेटं नव्या कंपनीत चालत नाहीत, प्रत्येक कंपनी आपली टेस्ट घेते, हे मला मान्य आहे. पण समजा तिथल्या टेस्टला रूटमध्ये एक पोरॉसिटी आली आणि एक्स-रे गेला, तर दोन कूपनची रिटेस्ट देतात की दुसऱ्या दिवशी "फेल" लिहून विमानात बसवतात? आणि बसवलं तर ते तिकीट कुणाच्या खिशातून?

हा तिकिटाचा मुद्दा मी सोडणार नाही. तुमच्या ऑफरमधल्या नवव्या कलमात एवढंच आहे की "दोन वर्षांचा करार पूर्ण केल्यावर कंपनी परतीचं तिकीट देईल." वाचायला सरळ वाटतं. पण "पूर्ण केल्यावर" याचा अर्थ कोण लावणार, ते मी एकदा भोगलंय.

मागे एका देशात (देश आणि कंपनी दोन्ही सांगत नाही) चोवीस महिन्यांचा करार होता. चौदाव्या महिन्यात क्लायंटने प्रोजेक्ट थांबवला. आम्ही बावीस जण रिकामे. ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, करार पूर्ण कुठे झालाय, तिकीट बसत नाही. काम त्यांनी बंद केलं आणि करार मोडला मात्र आम्ही! पासपोर्ट कॅम्प बॉसच्या कपाटात. एकोणीस दिवस बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. रोज सकाळी ती बाहेर ओढून साबण आणि टॉवेल काढायचा, अंघोळ झाली की पुन्हा भरून ठेवायची, कारण "आज संध्याकाळी निघायचं असेल" असं रोज सांगायचे. मेस दहाव्या दिवशी बंद झाली. शेवटी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलो. हिशेबाचे पैसे अजून यायचेत आणि आता मी त्यांची वाटही बघत नाही.

म्हणून या वेळी यूएईचा कामगार कायदा थोडा वाचून घेतला. 2021 चा 33 नंबरचा कायदा, 2 फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे. त्यात कामगाराला भरती केलेल्या ठिकाणी परत पाठवायचा खर्च मालकावर टाकलाय. अपवाद दोनच: कामगार तिथेच दुसऱ्या मालकाकडे लागला, किंवा करार त्याच्याच चुकीमुळे संपला. दोन वर्षं पूर्ण व्हायलाच हवीत अशी अट तिथे नाही. करार संपल्यावर 14 दिवसांत सगळा हिशेब द्यायचा, हेही त्यातच आहे. तेव्हा तुमचं नववं कलम कायद्यापेक्षा तोकडं आहे. ते असं करून द्या: काम संपलं, प्रोजेक्ट थांबला, टेस्ट फेल झाली, प्रोबेशनमध्ये कंपनीने काढलं किंवा मेडिकलला अनफिट ठरलो, तर परतीचं तिकीट कंपनीचं. आणि व्हिसा कॅन्सल करायला दिल्यापासून विमानात बसेपर्यंत राहणं-जेवण कंपनीचंच. हे शेवटचं वाक्य लहान वाटेल, पण माझे एकोणीस दिवस त्यातच गेले होते.

मी स्वतःहून मधेच सोडलं तर तिकीट माझं, ते मान्य. तिथे मी वाद घालणार नाही. पण बाराव्या कलमात "दोन वर्षांच्या आत सोडल्यास व्हिसा व भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल केला जाईल" असं आहे, ते काढायला सांगा. भरतीचा आणि कामावर ठेवण्याचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नाही, सरळही नाही आणि आडवळणानेही नाही, असं त्याच कायद्यात आहे. तुमच्याकडच्या मुलाने परवा फोन करून "सर्व्हिस चार्ज आणि मेडिकलचं डिपॉझिट" म्हणून जे मागितलं, ते कशाचं आणि कुणासाठी तेही लिहून पाठवा. पावती मिळणार नसेल तर तो विषय इथेच संपला.

रजेच्या तिकिटाचं वेगळं. वर्षाला 30 दिवसांची पगारी रजा कायद्यातच आहे, पण रजेवर यायचं-जायचं तिकीट करारात असेल तरच मिळतं. तुमच्या कागदावर त्याचा शब्द नाही. वर्षाने मिळणार की दोन वर्षांनी? तिकीट काढून देणार की पगारात पैसे टाकणार? पैसे टाकणार असतील तर किती, तो आकडा हवा, कारण सुट्टीच्या दिवसांत भाडं दुप्पट होतं. आणि घरात काही बरंवाईट झालं तर? आई-वडील गेले तर तीन दिवस आणि बायको गेली तर पाच दिवस पगारी रजा आहे, हे वाचलं. तीन दिवसांत माणूस येऊन परत पोचेपर्यंत रजा संपलेली असते. त्यापुढे बिनपगारी सुट्टी देतात का, आणि अशा वेळी तिकीट आधी काढून नंतर पगारातून कापायची सोय आहे का, एवढं विचारून ठेवा. असली वेळ येऊ नये, पण आधी विचारलेलं बरं.

आता पगार. 3,000 दिरहम ऐकायला बरे आहेत, पण कागदावर बेसिक 1,200, जेवण 300 आणि "इतर भत्ता" 1,500 असं फोडलंय. हे असं का फोडतात ते आता आम्हालाही कळतं. ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी दोन्ही बेसिकवर निघतात. 1,200 बेसिकवर तासाला 5 दिरहम पडतात, सव्वापट धरून ओव्हरटाइमचा तास सव्वासहा दिरहम. 6G च्या वेल्डरला सव्वासहा! त्यात ड्यूटी दहा तासांची लिहिलीय. कायद्याने दिवसाचे तास आठ. मग वरचे दोन तास 3,000 च्या आत धरलेत की वेगळे मिळणार? महिन्याचे 26 दिवस धरले तर ते 52 तास होतात. ग्रॅच्युइटीचंही तसंच. पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, म्हणजे या कागदाप्रमाणे दोन वर्षांचे 1,680 दिरहम. बेसिक 2,200 केलं आणि एकूण आकडा तोच 3,000 ठेवला, तर हेच 3,080 होतात. दर महिन्याचा पगार वाढवून मागत नाही, फोड बदलून मागतोय.

पगार बँकेत डब्ल्यूपीएसमधून येणार का तेही कळवा. (आमच्या धंद्यात डब्ल्यूपीएस म्हणजे वेल्डिंगचा कागद, अँपिअर आणि रॉड कुठला ते सांगणारा. तिथे तेच नाव पगाराच्या सरकारी पद्धतीला आहे. दोन्ही कागद वेळेवर मिळाले की काम नीट होतं.)

मालक नेमका कोण, हे मला अजून कळलेलं नाही. ऑफरच्या वर एका सप्लाय कंपनीचं नाव आहे, फोनवर तुम्ही रिफायनरीचं नाव घेत होता. व्हिसा कुणाचा, पगार कोण देणार आणि एका साइटवरून दुसऱ्या साइटवर पाठवलं तर याच अटी राहणार का? तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर मला सहीसाठी इथेच, निघायच्या आधी हवंय. समजेल अशा भाषेत, हिंदी प्रत असेल तर उत्तम. विमानतळावर उतरल्यावर दुसरा कागद समोर आला तर त्यावर सही करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

"आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून घेऊ" हे जमणार नाही. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणं बेकायदा आहे आणि पकडला जातो तो वेल्डर, एजंट नाही. एम्प्लॉयमेंटचा प्रवेश परवाना हातात आला की मी बॅग भरतो. मूळ पासपोर्टही आत्ता देत नाही. परवाना ऑनलाइन निघतो, त्याला स्कॅन पुरतो, तो सोबत जोडलाय. तिथे गेल्यावरही पासपोर्ट माझ्याकडेच राहील, हे करारात एका ओळीत टाका.

बाकी किरकोळ: एका खोलीत किती जण, साइटवर जाणारी बस किती वेळ घेते, हेल्मेट आणि लेदर जॅकेट कंपनीचं की आपलं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं, ते तास रात्री भरून घेतात का? तुमच्या मेलच्या खाली रिक्रूटिंग एजंटचा नोंदणी क्रमांक दिसला नाही, तोही पाठवा. ई-मायग्रेटच्या साइटवर बघून घेतो. राग मानू नका, एक्स-रे झाल्याशिवाय आमचा जॉइंटही कुणी पास करत नाही.

सोबत दोन्ही जुनी सर्टिफिकेटं, शेवटच्या कंपनीचं अनुभवपत्र आणि पासपोर्टचा स्कॅन जोडलाय. नववं आणि बारावं कलम बदलून आलं आणि पगाराची फोड स्पष्ट झाली की ट्रेड टेस्टची तारीख द्या, दोन दिवस आधी कळलं तरी चालेल. सध्या दुसऱ्या पाळीला आहे. फोन करायचा तर दुपारी दोनच्या आत करा. नंतर हेल्मेट डोक्यावर असतं आणि शेजारी ग्राइंडर चालू असतो, रिंग ऐकू येत नाही.

आपला,
दत्ता
पाइप वेल्डर, टिग व आर्क, 6G