रेझ्युमेच्या चॅटचा गोषवारा: काय ठेवलं, काय काढलं आणि का

औषधांच्या स्टोअरमधल्या तुझ्या कामाच्या रेझ्युमेवरचं चार रात्रींचं चॅट वर सरकवत बसू नकोस, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. दुहेरी अवतरणातल्या ओळी जशाच्या तशा उचल. बाकीचं तुझ्यासाठी आणि दादासाठी आहे. एखादी ओळ का गेली हे दोन दिवसांनी आपल्यालाच आठवत नाही आणि मग तीच परत येऊन बसते. 'अष्टपैलू' तीनदा परत आलं होतं!

जाहिरात मराठीत आहे, अर्जही मराठीत मागवलाय, म्हणून रेझ्युमे मराठीतच. पण स्टोअर, बॅच, एक्स्पायरी, रॅक हे शब्द बदलायचे नाहीत. पहिल्या खर्ड्यात तू 'भांडारगृह' आणि 'कालबाह्यता दिनांक' लिहिलं होतंस. गोदामात असं कुणी बोलत नाही. वाचणाऱ्याला वाटेल की हिने काम पाहिलंय ते फक्त कागदावर.

सुरुवातीचा परिचय:

"औषधांच्या स्टोअरमध्ये ६ वर्षे, त्याआधी मेडिकल काउंटरवर ३ वर्षे. बॅच आणि एक्स्पायरीनुसार साठा लावणे, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या मालाची देखरेख आणि महिनाअखेरची मोजणी ही रोजच्या हातातली कामे."

'मेहनती, प्रामाणिक आणि अष्टपैलू' हे काढलं, कारण आळशी आणि अप्रामाणिक असल्याचं कुणीच लिहीत नाही. दादाचं 'सात वर्षांहून अधिक अनुभव' का नाही? त्याने स्टोअरमधल्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत मोजलं आणि मधले १४ महिने त्यात धरले. खाली खंड लिहिलेलाच आहे. वाचणारा बेरीज करणार, आणि एक आकडा चुकला की उरलेल्या सगळ्यांकडे संशयाने बघणार. (आत्ता माझी नजर 'रोजच्या' आणि 'महिनाअखेरची' या जोडीवर अडली. 'रोजच्या' काढ, नुसतं 'हातातली कामे' ठेव.)

पद. जुन्या नोकरीच्या पत्रावर 'स्टोअर असिस्टंट' आहे. शेवटची दोन वर्षं इन्चार्जची जागा रिकामी होती आणि तू एकटीनेच स्टोअर चालवलंस. त्यामुळे 'स्टोअर इन्चार्ज' लिहावंसं वाटलं, ते मला समजतं. पण त्यांनी जुन्या ठिकाणी फोन केला तर तिथे पत्रातलं पदच सांगणार. मग खरं काम केलेली तू खोटी ठरणार. ठरलं ते असं:

"स्टोअर असिस्टंट. शेवटची दोन वर्षे इन्चार्जचे पद रिक्त असताना स्टोअरचा पूर्ण कारभार."

'प्रभारी' शब्दही चर्चेत होता. पण प्रभार लेखी दिलेला नव्हता, म्हणून तो नाही.

आता एक्स्पायरीची ओळ. हिच्यावर दुसरी अख्खी रात्र गेली आणि माझ्या मते अख्ख्या रेझ्युमेत हीच ओळ तुला मुलाखतीपर्यंत नेईल. तुझं पहिलं रूप होतं 'एक्स्पायरी व्यवस्थापनाची जबाबदारी यशस्वीरीत्या सांभाळली'. यात काय केलं ते नाही आणि काय झालं तेही नाही. मग तू लिहिलंस 'लाल पट्टीची पद्धत राबवण्यात आली'. हे परिपत्रकासारखं वाटतं. 'करण्यात आले' म्हटलं की करणारा वाक्यातून निघून जातो, आणि इथे तर करणारीच दाखवायची आहे.

दादाचं रूप सगळ्यात झणझणीत होतं: 'नुकसान ७० टक्क्यांनी घटवले'. आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. एका महिन्यात ४१ खोकी बाद झाली होती, पुढे एका महिन्यात १२. गणित बरोबर आहे. पण त्या ४१मध्ये एकाच पुरवठादाराचा जवळच्या मुदतीचा लॉट होता, हे तूच तिसऱ्या निरोपात सांगितलंस. सर्वांत वाईट महिन्यासमोर नंतरचा कुठलाही महिना ठेवला तर कुणाचंही काम चमकतं. म्हणून सहा महिन्यांसमोर सहा महिने ठेवले. १३८ आणि ६१, म्हणजे साधारण ५६ टक्के. टक्केवारी लिहायचीच नाही, कच्चे आकडे पुरे. स्टोअरच्या माणसाला खोक्यांचा आकडा लगेच कळतो.

"मुदत ९० दिवसांवर आलेल्या बॅचना लाल पट्टी लावून त्या पुढच्या रॅकवर आणण्याची पद्धत सुरू केली. मुदत संपून बाद झालेली खोकी: आधीच्या सहा महिन्यांत १३८, नंतरच्या सहा महिन्यांत ६१."

दुसऱ्या वाक्यात 'कमी केली' नाही, हे मुद्दाम. पद्धत तुझी, पण रोज पट्ट्या लावणारे आणखी दोघे होते. 'आमच्या टीमने' लिहून पाहिलं, तर तुझा वाटा कुठला तेच कळेना. पद्धत 'सुरू केली' ते तुझं, पुढचे आकडे नुसते शेजारी ठेवले. आणि बाद मालाची किंमत लिहायची नाही. तो जुन्या मालकाचा हिशेब आहे. उद्या आमचाही असाच बाहेर सांगेल, हा विचार नव्या माणसाच्या मनात यायला नको.

क्रियापदांचं एकदाच: जुन्या नोकरीत सगळीकडे 'केली, लावला, मोजली'. ती वस्तूप्रमाणे बदलतात, त्यामुळे 'मी' लिहावं लागत नाही. सध्याच्या नोकरीत 'पाहते, तपासते'. 'पाहणे, तपासणे' अशी यादी नको, ती कामाच्या तक्त्यासारखी दिसते. परिचयात मात्र ती चालली, कारण तिथे यादीच आहे.

खंड:

"मार्च २०२३ ते एप्रिल २०२४: घरातील आजारपणामुळे नोकरीत खंड."

फक्त वर्षं लिहून तो झाकायचा बेत होता. २०२३ आणि २०२४ शेजारी ठेवले की वरवर दिसतही नाही. पण पहिल्याच प्रश्नात निघालं असतं, आणि तू अशा वेळी अडखळतेस. आजार कुणाचा, कसला, हे चार ओळींत लिहिलं होतंस, तेही काढलं. ते सांगायचं की नाही हे समोर बसल्यावर तुझं तू ठरव.

एक्सेल: 'उत्तम ज्ञान' काढून "स्टॉक शीट, पिव्होट टेबल, VLOOKUP". तिन्ही तू समोर बसून करून दाखवू शकतेस, म्हणूनच ठेवले. मॅक्रो नाही.

जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटचं प्रतिज्ञापत्र गेलं. जाहिरातीत मागितलेलं नाही.

फ्रीज बंद पडला ती रात्र रेझ्युमेत नाही, यावर तू अजून नाराज आहेस. गोष्ट चांगलीच आहे. पण एका ओळीत 'फ्रीज बंद पडला' एवढंच ठसतं आणि जुन्या ठिकाणची तक्रार वाटते. थर्मामीटर किती दाखवत होता, बर्फाचे पॅक कुठून आणलेस, पहाटे कुणाला फोन केलास, हे बोलून सांगायचं आहे. 'अडचणीची वेळ सांगा' म्हणाले की हीच सांग.

एकच बाकी आहे. ६१ हा आकडा तू आठवणीतून सांगितलास. जुन्या मोजणीच्या वहीचा फोटो तुझ्याकडे आहे म्हणाली होतीस, तो काढून बघ. ६४ निघाले तर ६४ लिही. फोटो सापडलाच नाही, तर आकड्यांचं वाक्य पूर्ण काढ आणि पद्धतीचं एकटं ठेव. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव, मग मी शेवटचं शुद्धलेखन बघते.