विषय : वॉरंटीतील वॉशिंग मशीनचे ड्रम-बेअरिंग व सील विनामूल्य बदलून मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
दि. 12 जून 2025

महोदय,

7 किलो, 1200 आरपीएमचे फ्रंट लोड मशीन (अनुक्रमांक 230618-04471) 18 ऑगस्ट 2023 रोजी पुण्यात घेतले. पूर्ण मशीनची 2 वर्षांची वॉरंटी 17 ऑगस्ट 2025 पर्यंत आहे.

21 मे रोजी फोनवर मी "मशीन फार ओरडतंय, स्पिनला तर अख्खं घर हादरतं" एवढंच बोलले. तक्रार क्र. 58213 मध्ये त्याचा "आवाज" एवढाच शब्द उरला. 24 मे रोजी तंत्रज्ञांनी पाय समतल केले, "जमीन असमान" असा शेरा मारला आणि तक्रार बंद झाली. तो शेरा मला मान्य नाही. आवाज आजही तेवढाच आहे, म्हणून दोष नेमका लिहून देत आहे.

रिकाम्या मशीनवर फक्त स्पिन लावला. 400 आरपीएमला आवाज नाही, 800 ला घरघर सुरू होते, 1200 ला बाजूच्या खोलीत बोलणे ऐकू येत नाही. प्लग काढून ड्रम हाताने फिरवला तरी खरखर हाताला जाणवते. ड्रमची आतली कड धरून वर उचलली की ड्रम टबापासून सुटा, साधारण 4 मिमी हलतो. जमीन असमान असती तर वीज बंद असताना खरखर झाली नसती. तंत्रज्ञांनी मागचा पत्रा काढला तेव्हा टबाच्या मध्यापासून खाली तांबूस ओघळ दिसला. फोटो जोडला आहे. सीलमधून पाणी झिरपून बेअरिंगचे ग्रीस धुऊन गेले आणि ते गंजले, असाच याचा अर्थ होतो. वाहतुकीचे चारही बोल्ट बसवतानाच आपल्या माणसाने काढले होते. ते माझ्याकडे आहेत.

दोन्ही बेअरिंग आणि सील एकत्रच बदलावेत. जुने सील ठेवून नुसते बेअरिंग घातले तर पाणी पुन्हा आत जाणार. सील बसते तिथे शाफ्टवर चर पडली असल्यास शाफ्टही बदलावा. टब न उघडणारा असेल तर पूर्ण टब असेंब्ली द्यावी. बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद जॉब कार्डवर हवी. 24 मे रोजी घेतलेले 590 रुपये व्हिजिट चार्ज परत मिळावेत.

तक्रार वॉरंटीत नोंदवली आहे, त्यामुळे भाग 17 ऑगस्टनंतर आला तरी काम विनामूल्यच व्हावे. तोवर मशीन बंद ठेवले आहे.

27 जूनपर्यंत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार पुणे जिल्हा आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, 24 मेचे जॉब कार्ड व पावती, ओघळाचा फोटो, तिन्ही वेगांच्या आवाजाचा व्हिडिओ.

आपली,
तक्रार क्र. 58213 ची ग्राहक
कोथरूड, पुणे